पार्सल उशिरा, गिऱ्हाईक तापलेलं आणि फोनवर स्पॅनिश: काय बोलायचं?

प्रश्न: ताई, मी इंदूरलाच स्पॅनिश व्हॉइस प्रोसेसला लागलेय, कॉल सगळे मेक्सिकोचे. बी वन झालंय, पण पार्सल लेट झालं म्हणून चिडलेला माणूस भरभर बोलायला लागला की माझं डोकंच बंद पडतं. फोनवर बोलायची तयार वाक्यं देता का, कुठलं कधी बोलायचं त्यासकट?

उत्तर:

देते, पण आधी एक सांगते. ट्रेनिंगला जे वीस-पंचवीस वाक्यांचं पीडीएफ देतात ना, ते बहुतेक इंग्रजी स्क्रिप्टवरून उतरवलेलं असतं, त्यामुळे व्याकरण बरोबर असतं पण मेक्सिकोतला माणूस फोनवर असं बोलत नाही, आणि चिडलेल्या माणसाला समोरची बाई वाचून दाखवतेय हे दोन सेकंदात कळतं. मी इथे विजयनगरच्या एका ऑफिसात क्यूए बघते, दिवसभर (म्हणजे रात्रभर) असेच कॉल ऐकते, त्यावरून सांगतेय. वाक्यं देवनागरीतच देते कारण तुला ती बोलायचीयत, लिहायची नाहीत, आणि खरं सांगू का, त द आपले दातांवरचे त द असतात, इंग्रजीचे ट ड नाहीत, त्यामुळे मराठी माणसाने मराठीसारखंच वाचलं तर उच्चार अर्धा तिथेच सुधारतो. उस्तेद म्हण, उस्टेड नको. बाकी ह लिहिलाय तिथे थोडा घशातून काढ, आणि व दिसला स्पेलिंगमध्ये तरी ब च म्हणायचा.

एकच कॉल धरून चालू. बाईंचं पार्सल सोमवारी यायचं होतं, आज गुरुवार. ट्रॅकिंगमध्ये काल दुपारी तीन वाजता डिलिव्हरीचा प्रयत्न फसल्याचं दिसतंय, आणि बाई म्हणतायत मी दिवसभर घरात होते, कोणी आलंच नाही. स्क्रीनवर नाव आहे लाउरा मार्तीनेस रोब्लेस. इथे पहिली गंमत. आपल्याकडे शेवटचं ते आडनाव, म्हणून नवीन पोरं सेन्योरा रोब्लेस म्हणून मोकळी होतात. तिकडे दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं मग आईचं, आणि हाक मारताना पहिलं घेतात. म्हणजे सेन्योरा मार्तीनेस. चिडलेल्या बाईला चुकीच्या आडनावाने हाक मारली की सुरुवातच बिघडते.

फोन उचलल्यावर:

ब्वेनोस दीआस, ले आत्येन्दे नेहा. कोन क्येन तेन्गो एल गुस्तो?

(नेहा बोलतेय, आपण कोण बोलताय.) ब्वेनोस दीआस त्यांच्या दुपारी बारापर्यंत, मग ब्वेनास तार्देस. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, २०२२ पासून त्यांनी बहुतेक देशात उन्हाळ्याचं घड्याळ बदलणं बंद केलंय त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, तुझ्या डोक्यात सराफ्यात खायला जायची वेळ असते आणि तोंडातून ब्वेनास नोचेस निघून जातं, म्हणून मॉनिटरच्या कोपऱ्यात त्यांचं घड्याळ लावूनच ठेव.

आणि पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत उस्तेद, म्हणजे आपलं अहो-जाहो. तू वाली क्रियापदं चुकूनसुद्धा नकोत. क्लासमध्ये तूची सवय लागलेली असते म्हणून घाईत त्येनेस निघतं, ते त्येने हवं. बाई स्वतः चिडून तुला अरेतुरे करायला लागल्या तरी तू अहोवरच राहायचं.

आता बाई सुरू होतात. एक-दीड मिनिट बोलू दे, मध्ये अडवू नको, पण फोनवर तू आहेस हे कळायला हवं, आणि इथे इंदूरवाल्यांची एक सवय मारून टाकायची आहे. आपण फोनवर ऐकताना हां हां, हां हां करत राहतो. स्पॅनिश कानाला हा हा म्हणजे सरळ हसणं, ते चॅटवर हसतात तेही jajaja असंच लिहितात आणि वाचतात हाहाहा. बाई सांगतायत माझ्या आईची औषधं अडकलीयत आणि इकडून हा हा. मी असा कॉल ऐकलाय, बाई पुढे पार्सल विसरून त्यावरच भांडत होत्या. आपलं मराठी हो हो पण त्यातच आलं. त्याजागी हळू आवाजात सी सेन्योरा, किंवा एन्त्येन्दो, किंवा नुसतं आहा, तेही दर वाक्याला नको.

त्या काय काय बोलतील तेही माहीत हवं, नाहीतर शब्द कळत नाही म्हणून घाबरायला होतं. एस एल कोल्मो म्हणजे आता हद्द झाली. या एस्तोय आर्ता म्हणजे वैतागले मी. मे एस्तान ब्येन्दो ला कारा म्हणजे मला मूर्ख समजता का, हे अगदी मेक्सिकन आहे. आणि तोदाबीआ नो येगा, क्रियापद साधं वर्तमानकाळातलं असलं तरी अर्थ अजून आलेलं नाही असा, त्यात गोंधळू नको. हे सगळे रागाचे शब्द आहेत, यात माहिती नाही, यातलं एखादं निसटलं तरी तुझं काही अडत नाही. कान लावायचा तो वार, वेळ, पत्ता आणि आकड्यांवर. बी वनला डोकं बंद पडतं ते सगळं समजून घ्यायला जातो म्हणून.

त्या श्वास घ्यायला थांबल्या की हे:

सेन्योरा मार्तीनेस, सु पाकेते देबीआ येगार एल लूनेस, ओय एस ह्वेबेस इ तोदाबीआ नो लो त्येने. त्येने रासोन एन एस्तार मोलेस्ता. ले ओफ्रेस्को ऊना दिस्कुल्पा.

(तुमचं पार्सल सोमवारी यायला हवं होतं, आज गुरुवार आणि अजून हातात नाही. तुमचं चिडणं बरोबर आहे. मी माफी मागते.) अख्ख्या कॉलमधलं सगळ्यात कामाचं वाक्य हे पहिलं, माफीचं नाही. त्यांचीच गोष्ट वारासकट परत सांगितली की माणूस निम्मा खाली येतो, कारण आधीच्या दोन एजंटांना त्याने तेच सांगितलेलं असतं आणि कोणी ऐकलंय असं त्याला वाटलेलं नसतं. पुरुष असेल तर मोलेस्ता चं मोलेस्तो. माफी एकदाच, ले ओफ्रेस्को ऊना दिस्कुल्पा ही तिकडची नेहमीची पद्धत आहे. दर वाक्याला लो स्येन्तो लो स्येन्तो करत बसलीस तर ऐकणाऱ्याला वाटतं हिच्या हातात काही नाहीये, आणि माफीनंतर पेरो तर अजिबात नको, पेरो आलं की माफी गेली. अजून दोन शब्द कायमचे बाद: काल्मेसे आणि त्रान्किलीसेसे. शांत व्हा म्हटल्यावर आपल्याकडे तरी कोण शांत होतं.

मग बघायला वेळ मागायचा:

पेर्मीतामे रेबिसार सु गीआ. नो मे क्वेल्गे पोर फाबोर, सीगो आकी कोन उस्तेद.

(तुमचा ट्रॅकिंग नंबर तपासते, फोन ठेवू नका, मी इथेच आहे.) गीआ म्हणजे ट्रॅकिंग नंबर, कुरियर कंपनीला पाकेतेरीआ म्हणतात, तुझ्या पुस्तकात सेगिम्येन्तो असेल, तो मेक्सिकोतही समजतो पण लोक गीआच म्हणतात. होल्डवर टाकण्यापेक्षा लाइनवर ठेवून बघितलेलं बरं, फक्त अर्ध्या मिनिटावर शांतता गेली की एकदा सीगो रेबिसान्दो म्हण, नाहीतर त्या ब्वेनो? ब्वेनो? करत बसतात, तिकडे हॅलोला ब्वेनो म्हणतात.

नंबर घेताना एकेक आकडा घे. सेसेन्ता (साठ) आणि सेतेन्ता (सत्तर) फोनवर एकच वाटतात, म्हणून परत म्हणताना सेइस सेरो किंवा स्येते सेरो असं फोडून म्हण. अक्षरं असतील तर ब आणि व चा उच्चार एकच, त्यामुळे ते बे दे बूर्रो (गाढवाचा) आणि बे दे बाका (गाईचा) असं सांगतात, तूही तसंच विचार.

आता नाजूक जागा आली, स्क्रीन म्हणते कोणी घरी नव्हतं आणि बाई म्हणतात मी घरीच होते. इथे नव्वद टक्के वाद एजंट स्वतः ओढवून घेतो, कारण तो सिस्टमची बाजू घेतो. तुझं काम निकाल द्यायचं नाहीये. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि त्यांची बाजू नोंदवायची:

आकी मे आपारेसे ऊन इन्तेन्तो दे एन्त्रेगा, आयेर आ लास त्रेस. उस्तेद मे दीसे के सी आबीआ आल्ग्येन एन कासा. लो बोय आ रेपोर्तार ताल कोमो उस्तेद मे लो दीसे.

(इथे काल तीनचा प्रयत्न दिसतोय. तुम्ही सांगताय घरात माणूस होतं. तुम्ही सांगताय तसंच मी नोंदवते.) यातला सी वर जोर द्यायचा, तो होतंच मधल्या च चं काम करतो. आणि मे आपारेसे म्हण, म्हणजे मला इथे असं दिसतंय. उस्तेद नो एस्ताबा (तुम्ही नव्हतात) हे वाक्य तोंडातून गेलं की तो थेट आरोप झाला.

असा फसलेला प्रयत्न आला की खरं कारण बऱ्याचदा पत्त्यात सापडतं, म्हणून लगेच पत्त्यावर जायचं, आणि याचा एक फायदा असा की माणूस चिडणं सोडून उत्तरं द्यायला लागतो:

मे कोन्फिर्मा सु दोमिसील्यो, पोर फाबोर? काये, नूमेरो, कोलोन्या इ कोदिगो पोस्ताल.

रस्ता, घर नंबर, वस्ती, पिनकोड. पिनकोड त्यांचा पाच आकडी. नंबर दोन प्रकारचे असतात, एक्स्तेर्योर म्हणजे बाहेरच्या इमारतीचा आणि इन्तेर्योर म्हणजे आतल्या फ्लॅटचा, फॉर्म भरताना लोक आतला नंबर विसरतात आणि मग डिलिव्हरीवाला दरवाज्यावर बेल कुठली दाबू म्हणून परत जातो. आणि कोलोन्या न घेता पुढे जाऊ नको, एकाच शहरात त्याच नावाचे रस्ते वेगवेगळ्या कोलोन्यात असतात. मग हे दोन विचार:

एन्त्रे के कायेस एस्ता? आल्गूना रेफेरेन्स्या, एल कोलोर देल पोर्तोन?

(कुठल्या दोन रस्त्यांच्या मध्ये? काही खूण, फाटकाचा रंग?) आपण नाही का राजवाड्याच्या मागे, मंदिराशेजारची गल्ली असं सांगतो, तिथेही पत्त्यात खुणा लिहायची पद्धत आहे. आपल्या या केसमध्ये समजा बाई म्हणाल्या इन्तेर्योर चार, आणि तुझ्या स्क्रीनवर ती जागा रिकामी आहे. सापडलं कारण! पण मग विजयी सुरात तुम्हीच लिहिलं नव्हतंत म्हणायचं नाही, एवढंच म्हण:

आकी मे फाल्ता एल नूमेरो इन्तेर्योर. लो आग्रेगो आओरा मीस्मो.

(माझ्याकडे आतला नंबर नाहीये, आत्ता टाकते.) कोणाची चूक हे बाईंना आपोआप कळतं आणि आवाज उतरतो.

काहीच कळलं नाही तर? के? असं तुटक नको. हे वाक्य पाठ कर, बी वनचा सगळा आधार याच्यावर आहे:

पारा आनोतार्लो ब्येन, मे लो प्वेदे रेपेतीर ऊन पोको मास देस्पास्यो?

(नीट लिहून घ्यायचंय, जरा सावकाश परत सांगाल?) सावकाश बोला असं नुसतं म्हटलं तर हिला भाषा येत नाही असं होतं, लिहून घ्यायचंय म्हटलं की तुझी काळजी दिसते. कोणी दे दोन्दे मे आब्ला (कुठून बोलताय) विचारलं तर कंपनीचा नियम असेल त्याप्रमाणे सांग, पण खोटं मेक्सिको सिटी सांगू नको, पुढचाच प्रश्न हवामानाचा येतो.

आता तारीख. इथे आस्ता हा शब्द जपून. पुस्तकात आस्ता म्हणजे पर्यंत. पण मेक्सिकोत येगा आस्ता एल ब्येर्नेस याचा अर्थ बरेचदा शुक्रवारच्या आधी येणार नाही असा घेतात. तुला म्हणायचं असतं शुक्रवारपर्यंत येईल आणि बाईंना ऐकू येतं शुक्रवारशिवाय येत नाही, किंवा उलटं, त्या सांगतात एक आणि तू तिकीटात लिहितेस दुसरं. डिलिव्हरीच्या प्रोसेसमध्ये हा शब्द वापरूच नको. पर्यंत म्हणायचं असेल तर आ मास तार्दार एल ब्येर्नेस, म्हणजे उशिरात उशिरा शुक्रवार. त्यांनी आस्ता वापरला तर विचारून घे, एल ब्येर्नेस ओ आन्तेस देल ब्येर्नेस? तसंच ओचो दीआस म्हणजे आठवडा आणि किन्से दीआस म्हणजे दोन आठवडे, मोजून आठ नि पंधरा दिवस नाहीत. आओरीता पण तुझ्या तोंडून नको, ते आत्ता लगेच पासून बघू कधीतरी पर्यंत काहीही असतं, म्हणून वर मी आओरा मीस्मो दिलंय.

तारीख माहीत नसेल (आणि बहुतेक वेळा नसतेच) तर पार्सलची तारीख द्यायची नाही, आपल्या फोनची द्यायची:

नो ले क्येरो दार ऊना फेचा के नो प्वेदा कुम्प्लीर. बोय आ लेबान्तार ऊन रेपोर्ते कोन ला पाकेतेरीआ. ले मार्को मान्याना ब्येर्नेस, आन्तेस दे लास दोसे, ओरा देल सेन्त्रो, तेन्गा ओ नो तेन्गा रेस्प्वेस्ता.

(पाळता येणार नाही अशी तारीख मला द्यायची नाही. कुरियरकडे तक्रार टाकते. उद्या शुक्रवारी बाराच्या आत फोन करते, उत्तर आलेलं असो नसो.) मान्याना म्हणजे उद्याही आणि सकाळही, म्हणून वार जोडायचाच. ओरा देल सेन्त्रो म्हण, कारण तिहुआना आणि कान्कूनचं घड्याळ वेगळं आहे. त्यांचे दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, तेव्हा तुझा ब्रेक लागलाय का आधी बघ मगच वेळ दे. शेवटचे पाच शब्द सोडू नको, लोक सगळ्यात जास्त कशाला चिडतात तर फोन करतो म्हणून न केलेल्या फोनला. मग तक्रार नंबर, त्याला फोल्यो म्हणतात: सु नूमेरो दे फोल्यो एस... आणि एकेक आकडा सावकाश, त्यांना पेन आणायला वेळ देऊन.

पैसे परत मागितले तर सी सी करून टाकू नको, तो शब्द कॉलमध्ये रेकॉर्ड होतो आणि मग पुढच्या एजंटच्या डोक्यावर बसतो. एवढंच: सु सोलिसितूद दे रेएम्बोल्सो केदा रेहिस्त्रादा ओय. तुमची मागणी आज नोंदली गेली, बस, मंजूर झाली असं त्यात कुठेच नाही.

प्रोफेकोला जाईन म्हणाले (तिकडचं सरकारी ग्राहक संरक्षण खातं, १९७६ पासूनचं) तर घाबरायचं नाही आणि वाद तर मुळीच नाही. एस्ता एन सु देरेचो, यो सीगो कोन सु रेपोर्ते. तो तुमचा हक्क आहे, मी तुमची तक्रार चालू ठेवते. आणि टीमलीडला सांग. सुपरवायझर मागितला तर दोनदा टाळलं की तिसऱ्यांदा ओरडूनच मागतात, त्यापेक्षा:

क्लारो के सी, ले कोमूनीको कोन मी सुपेर्बिसोर. यो ले एक्सप्लीको एल कासो प्रिमेरो, पारा के उस्तेद नो तेन्गा के रेपेतीर तोदो.

(जरूर, जोडून देते. आधी मी त्यांना केस सांगते म्हणजे तुम्हाला सगळं परत सांगावं लागणार नाही.) हे ऐकून पुष्कळ जण म्हणतात राहू द्या, तुम्हीच बघा. पण म्हटलंय तर खरंच सांग, कोरा कॉल पुढे ढकलू नको.

शिव्या दिल्या तर: क्येरो आयुदार्ले, पेरो आसी नो प्वेदो. ले पीदो के आब्लेमोस कोन रेस्पेतो. एकदा सांग, परत झालं तर कंपनीच्या नियमाने कॉल बंद. फक्त शिवी कंपनीला आहे का तुला हे ओळख, एस्ते पीन्चे पाकेते म्हणजे हे मेलं पार्सल, ती पार्सलला आहे, ती सोडून द्यायची.

ठेवताना ग्रास्यास पोर सु पास्येन्स्या नको. ज्या बाईंनी पाच मिनिटं आरडाओरडा केला त्यांना संयमाबद्दल धन्यवाद म्हणजे टोमणा वाटतो. क्यूए शीटमध्ये अजून काही मदत हवी का हा प्रश्न असेलच, तो असा विचार, आमच्याकडे तरी त्याचे मार्क मिळतात: ले केदो आल्गूना दूदा दे लो के आकोर्दामोस? आपलं जे ठरलं त्यात काही शंका? त्यावर त्या स्वतःच सगळं परत म्हणतात, उद्या बाराच्या आत फोन, फोल्यो अमुक, आणि काही चुकीचं ऐकलं असेल तर तिथेच कळतं.

ही सगळी वाक्यं एकदम पाठ करू नको. पहिले दोन आठवडे चारच घे: गोष्ट परत सांगायचं, सावकाश सांगाल का वालं, मला इथे असं दिसतंय वालं, आणि उद्या फोन करते वालं. घरी मोठ्याने, उभं राहून म्हण, कारण कागदाकडे बघून म्हटलेलं वाक्य कॉलवर तोंडात येत नाही. पुढे स्पेनच्या प्रोसेसला गेलीस तर गीआ चं सेगिम्येन्तो, स आणि थ चा फरक आणि अजून बरंच बदलतं, ते तेव्हा विचार. कॉल संपल्यावर नोटमध्ये फक्त कस्टमर अँग्री असं लिहून मोकळी होऊ नको, इन्तेर्योर ४ टाकला, बाई काल तीनला घरी होत्या म्हणतात, उद्या बाराच्या आत फोन, एवढं लिही, कारण उद्या तुला सुट्टी असली तर तो फोन दुसऱ्याच कोणाला करायचाय.